बीपीची गोळी अर्धशिशीला का देतात?

वाचकाचं पत्र : मी ४३ वर्षांची, हायस्कूलला शिकवते. अर्धशिशी कॉलेजपासून आहे, पण पूर्वी महिन्यातून तीन-चारदा यायची, आता गेल्या दोन वर्षांत महिन्याचे नऊ-दहा दिवस जातात. दोन वर्षांपूर्वीच बीपी निघालं, अम्लोडिपिन ५ रोज घेते. डोकं दुखायला लागलं की मशीन लावून बघते तर १५८/९६ वगैरे येतं, म्हणजे बीपी वाढलं की डोकं उठतं असंच ना? एरवी १४०-१४२/८८ च्या आसपास असतं. मेडिकलमधून अर्धशिशीची म्हणून मिळते ती गोळी आणते, महिन्यात बारा-तेरा दिवस तरी लागते. आता न्यूरॉलॉजिस्टनी प्रोप्रानोलॉल ४० लिहून दिलंय. नणंद म्हणते ती पण बीपीचीच गोळी, तिचे सासरे हार्टसाठी घेतात. एक बीपीची गोळी चालू असताना वर दुसरी कशाला? बीपी एकदम खाली गेलं तर? पाकीट आणून आठ दिवस झाले, अजून फोडलं नाहीये. लहानपणी दमा होता, पावसाळ्यात अजून कधीतरी पंप लागतो, पण त्याचा इथे काही संबंध नसावा.

उत्तर :

ताई, पाकीट फोडलं नाहीत ते फार बरं झालं. पण ज्या भीतीनं फोडलं नाहीत तिच्यात फारसा दम नाही, आणि ज्या गोष्टीचा "संबंध नसावा" म्हणून तुम्ही शेवटच्या ओळीत उरकलंत तिथेच सगळा संबंध आहे. म्हणून आधी दम्याचं बोलते, बाकीचं नंतर.

प्रोप्रानोलॉल हे बीटा ब्लॉकर जातीचं औषध. आपल्या शरीरात बीटा नावाचे रिसेप्टर असतात, त्यातले काही हृदयात, काही श्वासनलिकांमध्ये. अॅड्रेनलिन त्यांना लागलं की हृदय जोरात चालतं आणि श्वासनलिका सैल होऊन उघडतात. प्रोप्रानोलॉल हृदयातले आणि श्वासनलिकांमधले असा भेद करत नाही, दोन्हीकडचे बंद करतं. दम्याच्या माणसाच्या नळ्या त्यामुळे आवळतात, आणि त्याहून वाईट म्हणजे तुमचा तो पावसाळ्यातला निळा पंप, सालब्युटामॉलचा, तो याच रिसेप्टरवर काम करतो, म्हणजे दम लागला आणि पंप मारला तरी तो नेहमीसारखा लागू पडत नाही. कधीतरीच लागणारा दमा असला तरी हे औषध देत नाहीत. मेटोप्रोलॉलसारखी औषधं मुख्यतः हृदयातलेच रिसेप्टर धरतात, पण डोस वाढला की तीही हा भेद पाळत नाहीत, म्हणून दम्यात तीसुद्धा अर्धशिशीसाठी पहिली निवड नाही.

डॉक्टरांनी विचारलं नाही का असं तुम्हाला वाटेल. मी स्वतः ओपीडीत बसते, मला माहितीय काय होतं. "आणखी काही आजार?" असं विचारलं जातं आणि पेशंट म्हणतो नाही, कारण लहानपणीचा दमा हा त्याच्या लेखी आजार उरलेला नसतो, पंप म्हणजे औषध नव्हे असंच लोक धरून चालतात. तर उद्याच फोन करून सांगा, पंप लागतो म्हणून, आणि तोवर ते पाकीट तसंच राहू दे.

आता तुमचा मूळ प्रश्न, बीपी वाढतं म्हणून डोकं उठतं का. मशीनवर १५८ बघितलं की कुणालाही तसंच वाटेल, माझ्या आईलाही आयुष्यभर तेच वाटत होतं. पण विचार करा, तुम्ही मशीन कधी लावता? डोकं ठणकायला लागल्यावर. कुठलीही जोराची वेदना, मग दाढ असो की प्रसूतीच्या कळा, बीपी वर नेतेच, त्यात मळमळ, रात्रीचं जागरण आणि "आता बीपी किती झालं असेल" ही धाकधूक. म्हणजे तुमचं १५८ हे बहुतेक दुखण्याचं फळ आहे, कारण नाही. १४०-१५० च्या बीपीला सहसा काहीच जाणवत नाही, म्हणून तर ते वर्षानुवर्षं लपून राहतं. नॉर्वेमध्ये २२ हजारांवर लोकांचा ११ वर्षं पाठपुरावा केला होता तर उलटच निघालं, वरचं बीपी जास्त असणाऱ्यांना अर्धशिशी सोडून बाकीची डोकेदुखी कमी झाली होती. डोकं खरोखर बीपीनंच दुखतं ते बीपी अचानक खूप चढतं तेव्हा, साधारण १८०/१२० च्या पुढे, ती वेगळी आणि तातडीची गोष्ट.

स्वतः तपासून बघायचंय? मग एक आठवडा डोकं दुखो न दुखो रोज सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि रात्री जेवणापूर्वी मोजा. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, ब्लाउजची बाही वर सरकवून दंडाला काच बसत असेल तर ती मोकळी करायची, आणि एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल तर ते जास्त. तुमचं एरवीचं १४०-१४२/८८ बघता सरासरी त्याच्या वरच येईल असं मला वाटतं, म्हणजे अम्लोडिपिन ५ घेऊनही तुमचं बीपी पुरतं आटोक्यात नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

दुसरं एक मला खटकलं. दुखणं महिन्यात तीन-चार दिवसांवरून नऊ-दहावर गेलं ते दोन वर्षांत, आणि बीपी निघालं तेही दोन वर्षांपूर्वी, म्हणून तुम्ही गाठ बांधलीत. पण त्या दोन वर्षांत आणखीही काही सुरू झालंय ना. एक, अम्लोडिपिन, ते रक्तवाहिन्या सैल करतं आणि डोकेदुखी हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, पायावर सूज येते तशीच. दोन, तुमचं वय, चाळिशीनंतर पाळी हलायला लागते, हार्मोन वरखाली होतात आणि पुष्कळ बायकांची अर्धशिशी याच काळात बळावते. आणि तीन, मेडिकलमधली ती गोळी, जिच्यावर माझा सगळ्यात जास्त संशय आहे. तिच्याकडे येते, पण आधी नणंदेचा मुद्दा.

नणंद खोटं बोलत नाहीयेत, प्रोप्रानोलॉल खरंच हार्टचं औषध म्हणून आलं. जेम्स ब्लॅक नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात ते अंजायनासाठी, म्हणजे चालताना छातीत दुखणाऱ्यांसाठी काढलं, त्यांना १९८८ मध्ये नोबेलही मिळालं. अर्धशिशीवर ते चालतं हा शोध मात्र अपघातानं लागला. १९६६ च्या सुमारास छातीच्या दुखण्यासाठी हे औषध घेणाऱ्या काही पेशंटमध्ये दिसलं की छातीसोबत त्यांची अर्धशिशीही थांबलीय. मग मुद्दाम अर्धशिशीवाल्यांवर तपासलं आणि ते खरं ठरलं. आज साठ वर्षांनंतरही ते अर्धशिशी रोखण्याच्या पहिल्या फळीतल्या औषधांत आहे.

आता कुणीही म्हणेल, मग बीपी उतरवतं म्हणूनच अर्धशिशी थांबत असणार. नाही, आणि हे कसं कळलं ते मला फार आवडतं. पिंडोलॉल नावाचा आणखी एक बीटा ब्लॉकर आहे, तोही बीपी उतरवतो, पण तो रिसेप्टर बंद करता करता त्यांना थोडं डिवचतोही. अर्धशिशीवर तो चालला नाही. बीपी उतरूनही चालला नाही. तुमचं अम्लोडिपिन बीपी छान उतरवतं, पण अर्धशिशी रोखतं असा भरवशाचा पुरावा त्याच्यामागे नाही. आणि उलट बाजूनं बघितलं तर बीपी अगदी नॉर्मल असलेल्या माणसालाही प्रोप्रानोलॉलनं अर्धशिशीत फरक पडतो. म्हणजे गोळी एकच, पण कामं दोन आणि दोन वेगळ्या जागी.

ती दुसरी जागा मेंदूत आहे. अर्धशिशीच्या मेंदूत कधीकधी विजेची एक मंद लाट उठते, पेशी आधी एकदम पेटतात आणि मग बराच वेळ गप्प पडतात, आणि ही लाट मिनिटाला तीनेक मिलिमीटर अशा गोगलगायीच्या चालीनं मेंदूच्या पृष्ठभागावर सरकत जाते. लिआओ नावाच्या ब्राझीलच्या संशोधकानं १९४४ मध्ये सशांच्या मेंदूत ती पहिल्यांदा दाखवली. ज्यांना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेघा दिसतात त्यांना ही लाटच दिसत असते असं म्हणायला हरकत नाही. उंदरांना प्रोप्रानोलॉल देऊन बघितलं तेव्हा ही लाट उठवणं अवघड झालं, पण एका डोसनं नाही, काही आठवडे सतत दिल्यावर. जितके जास्त आठवडे तितका परिणाम जास्त. म्हणूनच आम्ही म्हणतो की दोन-तीन महिने नेटानं घ्या, आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. याशिवाय मेंदूच्या देठात नॉरअॅड्रेनलिन सोडणारी केंद्रं असतात, मेंदूला सावध, ताणलेलं ठेवणारी, त्यांनाही बीटा ब्लॉकर थोडं निवांत करतं.

बरं, तुम्हाला तर प्रोप्रानोलॉल चालणार नाही, मग एवढं पुराण कशाला? कारण याच तऱ्हेचं दुहेरी काम करणारी दुसरी एक बीपीची गोळी आहे, कँडेसार्टन, आणि ती दम्यात चालते. ही सार्टन घराण्यातली, अँजिओटेन्सिन या हार्मोनला अडवणारी. अँजिओटेन्सिन रक्तवाहिन्या आवळतं हे खरं, पण त्याचे रिसेप्टर मेंदूतही असतात, चेहऱ्या-डोक्याची वेदना वाहून नेणाऱ्या नसांच्या वाटेवरही, म्हणजे इथेही बीपीपलीकडचा रस्ता आहे. या औषधावरचं महत्त्वाचं काम पुन्हा नॉर्वेतलंच. २००३ मध्ये ६० पेशंटना १२ आठवडे रोज १६ मिलिग्रॅम कँडेसार्टन आणि १२ आठवडे खोटी गोळी दिली, तर खोट्या गोळीवर त्या १२ आठवड्यांत सरासरी साडेअठरा दिवस डोकं दुखलं आणि कँडेसार्टनवर साडेतेरा. मग २०१४ मध्ये कँडेसार्टन १६ आणि प्रोप्रानोलॉल १६० यांची समोरासमोर तुलना केली. ज्यांचे अर्धशिशीचे दिवस निम्म्यावर आले असे लोक कँडेसार्टनवर १०० त ४३, प्रोप्रानोलॉलवर ४० आणि खोट्या गोळीवर २३. म्हणजे दोघं जवळपास सारखेच. आणि हेही दिसतं की निम्म्याहून जास्त लोकांना एवढा मोठा फरक पडला नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण जादूची अपेक्षा ठेवून सुरू केलेली गोळी लोक महिन्यात फेकून देतात.

इथे एक सूचना, कारण हे आपल्याकडे हमखास होतं. कँडेसार्टन सगळ्या दुकानांत नसतं, टेल्मिसार्टन मात्र गल्लीतल्या मेडिकलमध्येही मिळतं. "सार्टनच आहे, घ्या" म्हणून बदलून देतील. बीपीपुरतं ते ठीक, पण अर्धशिशीवर टेल्मिसार्टनचा एक छोटा अभ्यास झालाय त्यात मुख्य निकालात स्पष्ट फरक दिसला नाही. तेव्हा बदली नको, दोन दिवस थांबा, मागवून घ्या. आणि तुमच्यापैकी जे वाचक आधीच टेल्मिसार्टनवर आहेत आणि अर्धशिशीही आहे, त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा की माझ्यासाठी याच्याजागी कँडेसार्टन जमेल का. गोळ्यांची संख्याही वाढत नाही.

तुमच्यासाठी मला जे सुचतं ते असं, आणि हे तुमच्या दोन्ही डॉक्टरांनी, बीपीच्या आणि डोक्याच्या, एकमेकांशी किंवा निदान एकाच कागदावर ठरवायला हवं, कारण आत्ता एकाला दुसऱ्यानं काय दिलंय याचा पत्ता नाही असं दिसतंय. आधी किडनीचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं. ते बरं असेल तर कँडेसार्टन ८ पासून सुरुवात, काही डॉक्टर ४ पासूनही करतात. दोनेक आठवड्यांनी ती रक्ततपासणी पुन्हा, कारण या औषधानं काहींचं पोटॅशियम वाढतं. ठीक असेल तर १६. अम्लोडिपिन तसंच ठेवायचं की हळूच काढून घ्यायचं हे घरच्या बीपीच्या आकड्यांवर ठरेल, आणि काढता आलं तर तुमच्या डोक्यासाठी तेही एक उत्तर मिळून जाईल, तीच गोळी डोकं दुखवत होती की नाही याचं. स्वतःहून मात्र बंद करू नका. घरात ते पोटॅशियमवालं लो सोडियम मीठ "बीपीला चांगलं" म्हणून आणलं असेल तर डॉक्टरांना सांगा, सार्टनसोबत ते आपल्या मनानं वापरायचं नाही. आणि ज्या दिवशी अटॅकमध्ये उलट्यांवर उलट्या होतायत, पाणी पोटात टिकत नाहीये, त्या दिवशीचा डोस घ्यायचा की नाही हे आधीच विचारून ठेवा, शरीर सुकलेलं असताना सार्टन किडनीला जड जाऊ शकतं.

बीपी एकदम खाली जाईल का? तुमचं एरवीचं १४०/८८ आहे, म्हणजे उतरायला जागा आहे, नव्हे उतरवायलाच हवंय. तुमच्या बाबतीत दुसरी गोळी ही जास्तीची गोळी नाही, अम्लोडिपिन एकट्याला जे झेपत नव्हतं ते ती भरून काढणार. ही भीती खरी ठरते ती ज्यांचं मुळातच १०५/६५ असतं अशा बारीक, तरुण मुलींच्या बाबतीत, त्यांना अर्धशिशीसाठी यातलं काही दिलं तर उठताना गरगरतं, म्हणून अगदी लहान डोसनं जायचं किंवा वेगळंच औषध निवडायचं. तुम्ही सुरुवातीचे पंधरा दिवस फक्त एवढं बघा, पलंगावरून उठल्यावर क्षणभर बसून मग उभं राहायचं, आणि वरचा आकडा सारखा १०० च्या खाली येत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर कळवायचं.

आता ती मेडिकलमधली गोळी. पाकिटाची मागची बाजू चष्मा लावून वाचा. कॅफिन आणि पॅरासिटामॉलच्या जोडीला अर्गोटामिन हा शब्द आहे का? आपल्याकडे अर्धशिशीची म्हणून वर्षानुवर्षं खपणाऱ्या गोळ्यांमध्ये तो बऱ्याचदा असतो. अर्गोटामिन रक्तवाहिन्या आवळतं, हातापायाच्या, हृदयाच्यासुद्धा. बीपी असलेल्या माणसानं ते घ्यायचंच नसतं, आणि तुम्ही महिन्यात बारा-तेरा दिवस घेताय. ज्या १५८ चं खापर आपण अर्धशिशीवर फोडतोय त्यातला थोडा वाटा या गोळीचाही असू शकतो. अर्गोटामिन नसून नुसतं कॅफिनचं मिश्रण असलं तरी हिशेब तोच लागतो. मिश्रणाच्या गोळ्या, अर्गोटामिन किंवा ट्रिप्टान जातीच्या अटॅकच्या गोळ्या महिन्यात १० किंवा जास्त दिवस, साध्या वेदनाशामक गोळ्या १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. सकाळी उठतानाच डोकं जड, गोळी घेतली की तीन-चार तास बरं, मग परत, असं होतंय का बघा. होत असेल तर वर कितीही चांगली प्रतिबंधक गोळी दिली तरी तिचं अर्धं बळ यातच जिरतं.

ती बंद केल्यावर पहिले दोन ते दहा दिवस डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, हे आधीच सांगून ठेवते कारण इथेच लोक हरतात आणि परत मेडिकलमध्ये जातात. म्हणून परीक्षेच्या पेपर तपासणीत हे करू नका, दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी धरा, घरातल्यांना सांगून ठेवा की हे दहा दिवस स्वयंपाक त्यांनी बघायचाय. अर्गोटामिन एकदम सोडलं तरी चालतं, पण गोळीत ट्रामाडॉल किंवा कोडीन असेल तर डॉक्टरांना विचारून हळूहळू.

मग अटॅक आला की घ्यायचं काय? आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या बऱ्याच जणांना लागू पडतात, पण त्या बीपी थोडं वाढवतात, सार्टनचा जोर कमी करतात, किडनीवर दोघं मिळून ताण आणतात, आणि काही दमेकऱ्यांना त्यांनी दम्याचा झटकाही येतो. तुमच्या बाबतीत चारही गोष्टी लागू, म्हणून तुम्ही त्यांच्यापासून लांबच बरं. पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, दुखणं अंगावर यायच्या आधी, सुरुवातीच्या अर्ध्या तासातच, आणि सोबत मळमळीची गोळी डॉक्टरांनी सांगितलेली, कारण अटॅकमध्ये पोट चालतच नाही, गोळी तशीच पडून राहते. तेवढ्यानं भागत नसेल तर सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान आहेत, पण ट्रिप्टानही रक्तवाहिन्या आवळतात, बीपी आटोक्यात नसताना ते घेत नाहीत. म्हणजे बघा, बीपी नीट झालं की तुमच्यासाठी अटॅकच्या औषधाचंही एक दार उघडतं. जे वाचक प्रोप्रानोलॉलवर आहेत त्यांच्यासाठी एक वाक्य, प्रोप्रानोलॉलमुळे रिझाट्रिप्टानचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून त्याचा डोस १० ऐवजी ५ ठेवतात, दोन वेगळ्या डॉक्टरांनी लिहिलं असेल तर आवर्जून दाखवा.

फरक पडतोय का ते आठवणीवर सोडू नका, कालचा अटॅक विसरत नाही आणि मागच्या महिन्यातले चार आठवत नाहीत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दूध आणि गॅस लिहिता तिथेच, डोकं दुखलं त्या दिवशी एक टिंब आणि गोळी घेतली तर त्या तारखेला गोल, डोकं दुखलं नसलं तरी. आत्ताचा महिना काही न बदलता भरा. समजा १० टिंबं आणि १२ गोल आले. (टिंबांपेक्षा गोल जास्त आले तर तेही बोलकं आहे, म्हणजे दुखेल या भीतीनं गोळी घेतली जातेय.) मग पूर्ण डोस सुरू झाल्यापासून तिसऱ्या महिन्याची टिंबं मोजा. पाच किंवा कमी असतील तर औषध चाललं. सहा-सात असतील पण प्रत्येक अटॅक हलका आणि शाळा बुडत नसेल तरी मी ते चाललं म्हणेन. नऊच असतील तर या गोळीनं डोक्याचं काम केलं नाही, बीपीसाठी ती ठेवता येईल, डोक्यासाठी दुसरं शोधायचं. तेव्हा आपल्याकडे फ्लुनारिझिन बरंच देतात, नावाला ते अम्लोडिपिनच्याच दूरच्या नात्यातलं पण बीपीवर त्याचा उपयोग नाही, वजन वाढवतं, आणि मन उदास करू शकतं, लांबवर घेतलं तर हातपाय जड होऊन कापायला लागतात. व्हेन्लाफॅक्सिन दिलं तर बीपी मोजत राहा, ते वाढवू शकतं.

हे वाचणाऱ्या इतर कुणाला दमा नाही, नाडी मंद नाही, आणि बीपीसोबत अर्धशिशी आहे, त्यांनी डॉक्टरांनी दिलेल्या प्रोप्रानोलॉलला घाबरू नये. ते २० किंवा ४० पासून हळूहळू वाढवतात. थकवा, गार पडणारे हात, विचित्र स्वप्नं, जिना चढताना नेहमीसारखा जोर न येणं हे होऊ शकतं, नाडी ५० च्या खाली जात असेल तर कळवावं. इन्सुलिन घेणाऱ्यांना साखर उतरल्याची धडधड त्यात कळत नाही. आणि ते कधीही एका दिवसात बंद करायचं नाही, गावाला जाताना पाकीट घरी राहिलं असं होऊ देऊ नका, एकदम थांबवलं की हृदय उसळी मारतं. नुसत्या बीपीसाठी म्हणून बीटा ब्लॉकर आता सहसा पहिलं औषध राहिलेलं नाही, पण सोबत अर्धशिशी असेल तर त्याची जागा रास्त आहे.

ज्यांना मूल हवंय किंवा दिवस राहण्याची शक्यता आहे त्यांनी कँडेसार्टन घ्यायचं नाही, कुठलंच सार्टन नाही, ते पोटातल्या बाळाच्या किडनीला इजा करतं. तुमची पाळी अजून चालू असेल ताई, तर हे तुम्हालाही लागू आहे, डॉक्टरांशी संकोच न करता बोला. आणि बीपी किंवा डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी यातलं एक जरी असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत, पक्षाघाताचा धोका वाढतो, दोन्ही असतील तर अजिबातच नको.

एवढं मात्र पाठ करून ठेवा. एका मिनिटात शिगेला पोचलेलं, आयुष्यात कधी असं दुखलं नाही असं डोकं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात गळणं, नजर जाणं, भ्रमिष्टासारखं वागणं, किंवा डोकेदुखीसोबत बीपी १८०/१२० च्या वर आणि यातलं काहीही, तर अर्धशिशीच असेल म्हणून अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं नाही, १०८ ला फोन. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं डोकं दुखून बीपी १४०/९० च्या वर असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

फोन कराल तेव्हा डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून घ्या : दमा आहे आणि पंप लागतो, अम्लोडिपिन ५ चालू आहे तरी घरी १४०/८८ येतं, मेडिकलची गोळी (नाव आणि त्यातली सगळी औषधं) महिन्यात १२-१३ दिवस, आणि प्रोप्रानोलॉल अजून सुरू केलेलं नाही, त्याऐवजी कँडेसार्टन माझ्यासाठी चालेल का. न फोडलेलं पाकीट बिलासोबत न्या, बरेच दुकानदार परत घेतात.